रिकाम्या खोलीचा व्हेंट बंद करण्याआधी: डक्टवाल्या घरातला रिटर्न कुठे, केवढा आणि का

पुण्यात आमच्या घरी साधा नियम होता: खोलीतून बाहेर पडलात की दिवा, पंखा आणि एसी बंद. तोच नियम घेऊन मी डॅलसजवळच्या एका उपनगरात स्वतःच्या पहिल्या घरात राहायला आले. आई-बाबा पाच महिने राहून परत गेले. त्यांची खोली आणि शेजारची अभ्यासाची खोली रिकामी झाली. मी स्टुलावर चढून दोन्ही खोल्यांतल्या छताचे मिळून चार व्हेंट खटके ओढून बंद केले आणि पुढच्या बिलाची वाट बघत बसले.

बिल उतरलं नाही. हॉलमधल्या मोठ्या जाळीतून मात्र शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि जूनच्या एका रात्री एसी चालू असूनही घर गार होईना. सकाळी बघितलं तर आतल्या युनिटकडे जाणाऱ्या जाड तांब्याच्या नळीवर बर्फ चढला होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात, बर्फ!

पुढच्या दोन महिन्यांत डक्टविषयी, म्हणजे यंत्रातली हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या नळ्यांविषयी, जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेत एकाच यंत्राने सगळं घर गार-गरम करणाऱ्या मंडळींसाठी हे आहे. तुमच्याकडे प्रत्येक खोलीला वेगळा स्प्लिट एसी असेल तर पुण्याचाच नियम पाळा. तिथे खोलीचं यंत्र बंद केलं की खरोखर वीज वाचते.

आधी तीन शब्द

ज्या जाळीतून गार किंवा गरम हवा खोलीत येते तो सप्लाय व्हेंट. हा आकाराने लहान असतो, प्रत्येक खोलीत एक-दोन असतात आणि पट्ट्या उघडझाप करायला त्याला खटका असतो. ज्या मोठ्या जाळीतून घरातली हवा यंत्राकडे परत ओढली जाते तो रिटर्न. त्याला खटका नसतो, आणि बहुतेक वेळा फिल्टर त्याच्याच मागे बसवलेला असतो. कोणती जाळी कोणती हे कळत नसेल तर टिश्यू पेपर धरा: सप्लाय त्याला ढकलतो, रिटर्न चिकटवून घेतो. ही हवा फिरवणारा आतला मोठा पंखा म्हणजे ब्लोअर.

तिघांचा हिशेब असा, की ब्लोअर जेवढी हवा ढकलतो तेवढीच त्याला परत मिळाली पाहिजे. नव्या घरात सगळं लक्ष सप्लायकडे जातं, कारण गार वारा तिथून लागतो. माझ्या घराचं दुखणं मात्र रिटर्नमध्ये होतं, आणि व्हेंट बंद करून मी ते वाढवलं.

हाताशी काय लागेल

- मोजपट्टी, टॉर्च आणि घडीची शिडी
- स्वयंपाकघरातला सळईवाला थर्मामीटर (चहा-मांसाच्या तापमानासाठी मिळतो तो चालतो)
- टिश्यू पेपर
- बाहेरच्या युनिटवरच्या धातूच्या पट्टीचा फोटो
- घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. त्यात एसी-फर्नेसचं वय आणि कधीकधी डक्टचे फोटो असतात
- चालू फिल्टरचं माप आणि त्यावरचा मर्व्ह आकडा, म्हणजे तो किती बारीक धूळ गाळतो ते सांगणारा
- घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. व्हेंट उघडायला ती लागत नाही, भिंतीला भोक पाडायला लागते.

1. यंत्र किती टनांचं आहे ते वाचा

बाहेरच्या युनिटच्या मॉडेल नंबरात सहसा 24, 30, 36, 42, 48 किंवा 60 असा एक आकडा दडलेला असतो. त्याला 12 ने भागलं की टन मिळतात. माझ्याकडे 36, म्हणजे 3 टन.

प्रत्येक टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा फिरायला हवी. याला इथले कारागीर सीएफएम म्हणतात. दमट हवेच्या भागात मुद्दाम 350 च्या आसपास ठेवतात, म्हणजे हवा कॉइलवरून, म्हणजे आतल्या युनिटमधल्या गार नळ्यांवरून, सावकाश जाते आणि पाणी जास्त निथळतं. माझ्या 3 टनांना हिशेबाने 1,200 सीएफएम लागतात. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

2. रिटर्नच्या जाळ्या मोजा

घरातल्या सगळ्या रिटर्न जाळ्यांची लांबी-रुंदी इंचात घ्या, गुणाकार करा, बेरीज करा आणि 144 ने भागून चौरस फूट काढा. मग सीएफएमला त्या चौरस फुटांनी भागा. उत्तर म्हणजे जाळीतून हवा किती वेगाने ओढली जाते ते, मिनिटाला फुटांत. जाळीच्या मागे फिल्टर असेल तर हा वेग 300 च्या आत असावा. त्याहून वाढला की आवाज वाढतो आणि फिल्टर हवेला जास्त अडवतो.

माझ्या घरात सगळ्या घराला मिळून एकच रिटर्न होता, हॉलच्या भिंतीत, 20 गुणिले 20 इंचांचा. म्हणजे 400 चौरस इंच, 2.78 चौरस फूट. 1,200 भागिले 2.78 केलं की 432 येतात. एकही व्हेंट बंद न करता माझं यंत्र आधीच अरुंद नळीतून श्वास घेत होतं.

इथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, रिटर्नसमोर काय ठेवलंय? आमच्याकडे जाळीपासून चार बोटांवर पुस्तकांचं कपाट होतं, आणि एका मैत्रिणीच्या घरी देवघर होतं. समई का विझते हे तिला सहा महिने कळलं नव्हतं. दुसरी गोष्ट फिल्टरची. ॲलर्जीच्या भीतीने एक इंच जाडीचा मर्व्ह 13 फिल्टर बसवण्याची आपल्या लोकांत फार हौस. अरुंद रिटर्नवर तो बसवणं म्हणजे नाकाला चिमटा लावून पळण्यासारखं आहे. तेवढी बारीक गाळणी हवीच असेल तर चार इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्या. पृष्ठभाग वाढतो, म्हणून हवा सहज जाते. तोवर एक इंचात मर्व्ह 8 पुरे.

जाळी उघडलीच आहे तर टॉर्च मारून आत बघा. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत रिटर्नचा डक्ट म्हणजे खरा डक्ट नसतोच. भिंतीतली पोकळी किंवा फर्नेसखालची लाकडी पेटी तशीच वापरलेली असते. तिच्या कोपऱ्यांना फटी असल्या तर ब्लोअर हॉलमधली गार हवा सोडून अटिकमधली भट्टीसारखी हवा ओढतो, कारण त्याला जी वाट सोपी ती बरी. फटी मॅस्टिकने बुजवतात, हा ब्रशने लावायचा दाट लेप असतो. डक्ट टेप नावाची कापडी पट्टी नाव काहीही असलं तरी डक्टवर टिकत नाही, उन्हाळ्याच्या उष्णतेने तिचा गोंद सुटतो.

3. दारं बंद करून बघा

ब्लोअर चालू करा. थर्मोस्टॅटवर पंखा `ON` वर ठेवला की तो सतत चालतो. मग बेडरूमचं दार हळूहळू लावत आणा. शेवटच्या दोन बोटांत दार हाताला विरोध करत असेल किंवा आपोआप ओढलं जात असेल, तर त्या खोलीत येणाऱ्या हवेला परत जायला वाट नाही. दाराखालच्या फटीशी टिश्यू धरलात तर तो हॉलच्या दिशेने फडफडताना दिसेल.

दार बंद झालं की खोलीत दाब साठतो. त्या दाबाने खोलीत नवी गार हवा कमी येते आणि असलेली खिडकीच्या फटींतून बाहेर जाते. इकडे हॉल मात्र हवेला आसुसलेला असतो, म्हणून तो पुढच्या दारातून, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, मिळेल तिथून बाहेरची हवा आत घेतो. तीच हवा गार करायचे पैसे तुम्ही भरता. बंद दाराच्या दोन बाजूंच्या दाबांत 3 पास्कलहून जास्त फरक नसावा, असा ऊर्जा-बचतीच्या घरांसाठी मापदंड आहे. 3 पास्कल फार थोडे असतात. 30 इंच रुंद दाराखाली पूर्ण एक इंच फट असली तरी तेवढ्या दाबात तिच्यातून साधारण 55 सीएफएमच जातात. कार्पेट असेल तर त्याहूनही कमी. मुलांच्या खोलीला 110 येत असतील तर निम्म्या हवेची वाट अडलेली.

एक धोक्याची सूचना, ही मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमचा पाणी तापवायचा गॅसचा बंब घराच्या आतल्या कपाटात असेल आणि त्याच्या डोक्यावर उघडी छत्री व धुराडं असेल, तर हॉलमधला दाब कमी झाल्यावर धूर वर जाण्याऐवजी घरात परत येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म आहे ना आणि तो चालतो ना, हे आजच बघा.

4. बंद केलेले सगळे व्हेंट उघडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिकामी खोली गार करायची नाही, मग तिचा व्हेंट बंद का करायचा नाही?

कारण व्हेंट बंद केल्याने यंत्र लहान होत नाही. बाहेरचा कॉम्प्रेसर 3 टनांचाच राहतो आणि ब्लोअर तेवढीच हवा ढकलायला बघतो. स्वयंपाकघराचा नळ बंद केला म्हणून न्हाणीघराला दुप्पट पाणी मिळेल असं आपल्याला वाटतं. डक्टमध्ये होतं ते वेगळं: वाट कमी झाल्याने आतला दाब वाढतो, आणि वाढलेला दाब डक्टच्या प्रत्येक सांध्यातून बाहेर पडायची जागा शोधतो. आमच्यासारख्या घरांत डक्ट अटिकमध्ये असतात, उन्हाळ्यात तिथे 130 अंश फॅरनहाइट सहज होतं. म्हणजे बंद खोलीची वाचवलेली गार हवा दुसऱ्या खोलीत न जाता बऱ्याच अंशी कौलांखाली जाते.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2003 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता, घर गरम करण्याच्या बाबतीत. व्हेंट बंद केल्याने भिंतींतून जी थोडी उष्णता वाचते, तिच्यापेक्षा डक्टच्या गळतीतून वाढलेलं नुकसान जास्त भरतं, असं त्यांना दिसलं. यात आणखी एक साधी गोष्ट मिळवा: घराच्या आतल्या भिंतींत इन्सुलेशन नसतं. रिकामी खोली तापली की ती शेजारच्या खोलीची उष्णता वाढवत राहते. बंद दाराने तिला वेगळं पाडलं असं फक्त आपल्याला वाटतं.

यापुढे काय होतं ते तुमच्या ब्लोअरच्या मोटरवर अवलंबून आहे. जुन्या साध्या मोटरला दाब वाढला की हवा कमी फेकता येते. कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते, त्यावरचं पाणी गोठतं, बर्फ हवेची उरलेली वाटही अडवतो, आणि चक्र पुरं होतं. नळ्यांत फिरणारा, गारवा देणारा गॅस द्रवरूपातच, न उकळता, कॉम्प्रेसरमध्ये परत गेला तर कॉम्प्रेसरही बिघडतो, आणि तो यंत्रातला सगळ्यात महाग भाग. नव्या ईसीएम मोटरचं उलट आहे. ती ठरलेली हवा फेकायचीच असा हट्ट धरते आणि त्यासाठी जास्त वीज खाऊन जास्त जोराने फिरते. तिथे बर्फ उशिरा दिसतो, आवाज आणि वीज आधी वाढतात. हिवाळ्यात फर्नेसचं दुखणं वेगळं: हवा कमी पडल्याने ती आतून जास्त तापते, सुरक्षेचा खटका तिला मध्येच बंद पाडतो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर आतल्या धातूच्या पेटीला तडे जाऊ शकतात.

तुमच्याकडे हे चाललंय का, ते थर्मामीटरने कळतं. यंत्र पंधरा मिनिटं चालू द्या. रिटर्नच्या जाळीशी तापमान घ्या, मग यंत्राच्या सगळ्यात जवळच्या सप्लाय व्हेंटमध्ये घ्या. फरक साधारण 16 ते 22 अंश फॅरनहाइट असावा. 22 च्या वर गेला तर हवा कमी पडते आहे असा पहिला संशय घ्यायचा. फरक जास्त म्हणजे एसी जोरात, असं मला वाटायचं आणि मी खूश होते. माझा 24 होता.

मर्यादाही सांगते. अकरा-बारा व्हेंटपैकी एखादा अर्धा ओढलात म्हणून यंत्र मोडत नाही. खोली फार गार होत असेल तर थोडं आवळणं चालतं, फक्त ते शक्य असेल तर अटिकमध्ये डक्टची शाखा फुटते तिथल्या झडपेने करावं, म्हणजे तोंडाशी शिट्टी वाजत नाही. ज्यांच्या घरात दोन-तीन थर्मोस्टॅट आणि मोटरवाल्या झडपा आहेत, आणि यंत्र वेग कमी-जास्त करू शकतं, त्यांचं गणितच वेगळं. तिथे खोल्या बंद ठेवण्याची सोय मुळात आखलेली असते. एका वेगाच्या, एका थर्मोस्टॅटच्या घराला ती मुभा नाही. रिकाम्या खोलीचं करायचं काय? व्हेंट उघडा आणि दारही उघडं. पडदे मात्र ओढून घ्या. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा व्हेंटच्या खटक्यापेक्षा जास्त वाचवतो.

5. नवा रिटर्न कुठे आणि केवढा

बर्फ वितळल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने डक्टला दोन बारीक भोकं पाडून दाब मोजला. ते याला स्टॅटिक म्हणतात आणि पाण्याच्या इंचांत सांगतात. माझ्या ब्लोअरची क्षमता 0.5 ची. चार व्हेंट बंद असताना 0.88 आला. सगळे उघडल्यावर 0.74. ब्लोअरच्या तक्त्यावरून त्याने हवा काढली: बंद असताना सुमारे 930 सीएफएम, उघडल्यावर 1,060. फिल्टरही तीन महिन्यांचा होता, म्हणून बर्फाचा सगळा दोष मी व्हेंटवर टाकत नाही. पण उघडल्यानंतरही 0.74 राहिला याचा अर्थ रिटर्न अपुराच होता.

आता जागेचा प्रश्न. इथे लोकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता: रिटर्न खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर तो गार हवा खोलीभर ओढून नेईल. करून बघा. समई फुंकरीने वीतभर अंतरावरून विझते. तीच समई श्वास आत ओढून विझवायचा प्रयत्न करा, ओठ जळायची वेळ येईल तरी विझणार नाही. फुंकलेली हवा एका दिशेने धावते, ओढलेली हवा चहूकडून थोडी थोडी येते. जाळीच्या रुंदीएवढं लांब गेलात की रिटर्नचा ओढा जेमतेम दहाव्या हिश्शावर आलेला असतो. म्हणून खोलीत हवा मिसळण्याचं काम सप्लायचं, तो खिडकीच्या बाजूला असतो ते बरोबर. रिटर्न आतल्या भिंतीत, दाराजवळ असला तरी काही बिघडत नाही. फक्त सप्लायच्या थेट झोतात नको, नाहीतर गार हवा खोलीत न फिरता तशीच परत जाते.

उंचीवरूनही फार वाद घालू नका. आमच्यासारख्या उन्हाळी भागात वर किंवा छतात लावलेला थोडा बरा, थंडीच्या भागात खाली लावलेला थोडा बरा, फरक लहान. दुमजली घरात मात्र दोन्ही मजल्यांवर रिटर्न असणं खरंच मोठी गोष्ट आहे. वरच्या मजल्यावर गरम हवा साठते आणि तिला खाली ओढणारं दुसरं काही नसतं.

जी खोली मोठी आणि जिचं दार रात्रभर बंद, तिला स्वतःचा रिटर्न द्यायचा. आमच्याकडे ती मास्टर बेडरूम. तिला सप्लायमधून सुमारे 260 सीएफएम मिळत होते. पहिल्या कंत्राटदाराने तिथे 20 गुणिले 20 चा रिटर्न सुचवला, मोठा म्हणजे चांगला म्हणून. तो नाकारावा लागला. खोलीत येते त्याहून जास्त हवा तिथून ओढली तर दार बंद असताना तीच खोली बाहेरची हवा आत घ्यायला लागते, आणि इमारतीचे नियमही ते करू देत नाहीत. दुसऱ्या माणसाने 14 गुणिले 14 ची जाळी आणि 10 इंचांचा डक्ट घातला. 1.36 चौरस फुटांतून 260 सीएफएम, म्हणजे वेग 191. झोपताना त्याचा आवाजही येत नाही.

हॉलचा जुना रिटर्न 20 गुणिले 25 केला, तेवढी जागा दोन खांबांच्या मध्ये मिळाली. लहान दोन बेडरूमना रिटर्न दिला नाही, प्रत्येकी 110 सीएफएमसाठी ते परवडणारं नव्हतं. त्यांच्या दारांवर हॉलमध्ये उघडणारी साधी आरपार जाळी, 14 गुणिले 6 ची, बसवली. दाराखालची फट आणि ही जाळी मिळून काम भागतं. बोलणं ऐकू जाईल ही आईची तक्रार रास्त होती. म्हणून तिच्या खोलीत खोलीकडची जाळी वर आणि हॉलकडची खाली अशी भिंतीच्या पोकळीतून तिरकी वाट केली. आवाज बराच अडतो. पोकळीचे वरचे-खालचे टोक आतून बुजवायला विसरू नका, नाहीतर तीही अटिकमधून ओढते.

काम झाल्यावर स्टॅटिक 0.55 आला, हवा 1,170 आणि तापमानाचा फरक 19. जाळ्यांचं क्षेत्र आता 4.83 चौरस फूट, वेग 242.

6. जिथे रिटर्न लावायचा नाही

न्हाणीघर, संडास आणि गॅरेज इथे कधीच नाही. न्हाणीघरातली वाफ आणि गॅरेजमधला गाडीचा धूर सगळ्या घरात वाटला जाईल. स्वयंपाकघरातही नको, फोडणीचा धूर फिल्टरला आणि कॉइलला चिकटतो, आणि सोमवारची मिरचीची फोडणी बुधवारपर्यंत बेडरूममध्ये दरवळते. गॅसच्या उघड्या ज्योतीचं उपकरण ज्या जागेत आहे, तिथे त्याच्यापासून किमान 10 फूट अंतर ठेवायला नियम सांगतो. कपड्यांच्या कपाटात जाळी बसवायचा सल्ला मिळाला तर नको म्हणा, दार बंद झालं की तो रिटर्न उपाशी.

7. कंत्राटदाराला काय विचारायचं

फोनवरच विचारा: "तुम्ही स्टॅटिक मोजता का?" याचं उत्तर "आम्हाला अनुभवाने कळतं" असं आलं तर पुढचा नंबर लावा. मला पहिल्या दोघांनी न मोजताच 4 टनांचं मोठं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. त्याच अरुंद रिटर्नवर आणखी एक टन चढला असता तर 400 सीएफएम आणखी लागले असते आणि ते यायला वाट नव्हती.

अंदाजपत्रकात या चार गोष्टी लेखी मागा: कामाआधीचा आणि नंतरचा स्टॅटिक, जाळ्यांची मापं, डक्टचा व्यास, आणि सांधे मॅस्टिकने बुजवणार हा उल्लेख. काही शहरांत डक्टच्या कामाला परमिट लागतं. शहराच्या इमारत विभागाला फोन करून तुम्हीच विचारा, कंत्राटदाराच्या शब्दावर राहू नका. दुसऱ्या रिटर्नलाही स्वतःचा फिल्टर लागतो, जर फिल्टर जाळीत असेल तर. आमचा पहिल्या दिवशी विसरला होता आणि मास्टर बेडरूमची सगळी धूळ थेट कॉइलवर जाणार होती.

पैसे देण्याआधी घरातले सगळे व्हेंट उघडे, फिल्टर नवे आणि बेडरूमची दारं बंद अशा अवस्थेत पुन्हा मोजायला लावा. दारं उघडी ठेवून मोजलं तर आकडा नेहमीच गोड येतो, आणि रात्री झोपताना तुमची दारं बंद असतात.